‘सारखे’, ‘म्हणून’ आणि ‘जसे की’ : इंग्रजी पत्रांतील तीन लहान शब्द

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कुटुंबातील चौदा माणसे परदेशी सहलीस गेली होती. निघण्यापूर्वी माझ्या पुतण्याने तेथील हॉटेलास इंग्रजीत पत्र धाडले. आपण जैन आहोत, कंदमूळ खात नाही, हे सांगून त्याने शेवटी लिहिले : ‘प्लीज डू नॉट सर्व्ह व्हेजिटेबल्स लाइक अनियन अँड पोटॅटो.’ पत्राचे उत्तर आदबीने आले, सर्व व्यवस्था होईल असे आश्वासन मिळाले. पहिल्या रात्री जेवणास बसलो तेव्हा ताटात कांदा नव्हता, बटाटा नव्हता, रताळेही नव्हते. मात्र भाजीत गाजर होते, कोशिंबिरीत बीट होते आणि सूपाला लसणाचा वास येत होता. घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी ताट बाजूला सारले आणि त्या रात्री भात, दूध व फळे यांवर भागवले.

आचारी मनाने भला माणूस होता. त्याने पत्राची प्रत आणून दाखवली आणि आपली बाजू मांडली. कांदा-बटाट्यासारख्या भाज्या नकोत असे लिहिले होते. म्हणून कांदा व बटाटा तर त्याने काढलेच, शिवाय बटाट्यासारखे पिठूळ असणारे रताळे आणि कांद्यासारखी पात असणाऱ्या भाज्याही काढल्या. गाजर काही बटाट्यासारखे नसते, आणि लसूण तर त्याच्या लेखी भाजीच नव्हे, तो मसाला. त्याचे म्हणणे ऐकून पुतण्या मला म्हणाला, ‘‘काका, मी तर सगळे स्पष्ट लिहिले होते. चुकले कुठे?’’

चूक एका शब्दात होती. तो शब्द म्हणजे ‘लाइक’. आपण व्यापारी माणसे मालाचे वजन काट्यावर दोनदा तपासतो, पण पत्रातील शब्द एकदाही तोलत नाही. परत आल्यावर मी पुतण्याची पेढीवरील इंग्रजी पत्रे मागवून पाहिली, तेव्हा त्याच कुळातील चुका तेथेही आढळल्या. ‘लाइक’, ‘ॲज’ आणि ‘सच ॲज’ हे ते तीन शब्द. त्यांचा नीट उलगडा व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

मराठी आपल्याला काय शिकवते

या तिघांतील भेद इंग्रजीच्या व्याकरणातून शिकू गेल्यास अवघड वाटतो. पण आपल्या मायबोलीत तो भेद आधीपासूनच आहे. ‘तो भागीदारासारखा वागतो’ आणि ‘तो भागीदार म्हणून वागतो’ या दोन वाक्यांत कोणाही मराठी माणसाचा गोंधळ होत नाही. पहिल्या वाक्यातील माणूस भागीदार नाही, केवळ त्याचे वागणे तसे आहे. दुसऱ्या वाक्यातील माणूस खरोखर भागीदार आहे आणि त्या अधिकाराने वागतो आहे. पहिले ‘सारखा’ म्हणजे इंग्रजीतील ‘लाइक’, दुसरे ‘म्हणून’ म्हणजे ‘ॲज’.

‘ॲज’चा आणखी एक अर्थ आपण ‘प्रमाणे’ किंवा ‘जसे... तसे’ या शब्दांनी दाखवतो. ‘ठरल्याप्रमाणे माल पाठवला’, ‘गेल्या वेळी जसे बांधले तसेच बांधा.’ येथे तुलना एका वस्तूची दुसऱ्या वस्तूशी नसून एका क्रियेची दुसऱ्या क्रियेशी असते, आणि क्रियेशी तुलना आली की इंग्रजीत ‘ॲज’ येते. उरला ‘सच ॲज’. तो म्हणजे ‘जसे की’ किंवा ‘उदाहरणार्थ’. आधी एका वर्गाचे नाव घ्यायचे आणि मग त्या वर्गातील दोन-चार वस्तू नमुन्यादाखल सांगायच्या, हे त्याचे काम.

इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी मनात मराठी वाक्य बांधून पाहावे. तेथे ‘सारखा’ आला, ‘म्हणून’ आला, ‘प्रमाणे’ आला की ‘जसे की’ आला, हे पाहिल्यास इंग्रजी शब्दाची निवड बहुधा बरोबर होते. फसगत होते ती एकाच ठिकाणी, कारण तेथे मराठीही सैल आहे. ‘कांदा-बटाट्यासारख्या भाज्या’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कांदा-बटाटा धरायचा की केवळ त्यांच्याशी साम्य असणाऱ्या भाज्या, हे आपण संदर्भाने ठरवतो. घरात तो संदर्भ सर्वांना ठाऊक असतो. परक्या देशातील आचाऱ्यास तो ठाऊक असण्याचे कारण नाही.

‘लाइक’ : साम्य दाखवणारा, पण वर्ग न सांगणारा

उदाहरण देण्यासाठी ‘लाइक’ वापरणे ही सरसकट चूक आहे असे मात्र नाही. इंग्रजीतील चांगले लेखकही तसे लिहितात. अर्थ उघड असेल तेथे त्याने बिघडत नाही. पण ज्या वाक्यावर कोणी प्रत्यक्ष कृती करणार आहे, माल काढणार आहे, पदार्थ शिजवणार आहे किंवा पैसे मोजणार आहे, तेथे ‘लाइक’ दोन प्रश्न अनुत्तरित ठेवतो. नाव घेतलेल्या वस्तू यादीत आहेत का? आणि साम्य कोणत्या बाबतीत पाहायचे? आमच्या आचाऱ्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर काढले, दुसऱ्याचे चुकवले. आम्हांस साम्य अभिप्रेत होते ते जमिनीखाली वाढण्याचे. त्याने पाहिले ते चवीचे आणि पोताचे.

‘लाइक’ची दुसरी चूक आपल्याकडे फार रुळलेली आहे : ‘सेम लाइक’. ‘नमुन्यासारखाच माल’ हे मराठी वाक्य मनात असते, म्हणून आपण ‘सेम लाइक सॅम्पल’ असे लिहितो. इंग्रजीत ‘सेम’बरोबर ‘ॲज’च येते : ‘द सेम ॲज द सॅम्पल’. हा केवळ व्याकरणाचा सोवळेपणा नव्हे. ‘लाइक द सॅम्पल’ म्हणजे नमुन्याशी मिळताजुळता, ‘द सेम ॲज द सॅम्पल’ म्हणजे नमुन्याबरहुकूम. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १७ नुसार नमुन्यावरून विक्री ठरली असेल, तर सर्व माल गुणवत्तेत नमुन्याशी जुळला पाहिजे, ही अट आपोआप लागू होते. ‘लाइक’ लिहिणाऱ्या विक्रेत्यास वाटते की आपण थोडी मोकळीक ठेवली, खरेदीदारास वाटते की नमुन्याची हमी मिळाली. समजा, हळदीच्या नमुन्यात कुरकुमिनचे प्रमाण ३.५ टक्के होते आणि मालात ते २.८ टक्के निघाले, तर भांडणाचे बीज त्या एका शब्दात आहे. येथे ‘द सेम ॲज’ लिहून नमुन्याचा क्रमांक आणि कुरकुमिनचे किमान प्रमाण हे दोन्ही नोंदवावे.

तिसरी चूक म्हणजे ‘लाइक’नंतर आख्खे वाक्य जोडणे : ‘लाइक वुई डिस्कस्ड’, ‘लाइक वुई डिड लास्ट टाइम’. नियम असा की ‘लाइक’नंतर नाम किंवा सर्वनाम येते, कर्ता व क्रियापद असलेले वाक्य आले तर ‘ॲज’ हवे : ‘ॲज वुई डिस्कस्ड’. बोलण्यात मात्र हा नियम इंग्रज-अमेरिकन माणसेही सर्रास मोडतात. १९५४ साली अमेरिकेतील एका सिगारेटच्या जाहिरातीत ‘ॲज’च्या जागी ‘लाइक’ वापरले होते, त्यावर व्याकरणकारांनी मोठा गहजब केला. कंपनीने त्याचाही फायदा उठवला आणि पुढील जाहिरातीत, तुम्हांस चांगले व्याकरण हवे की चांगली चव, असा उलट प्रश्न विचारला. तेव्हा फोनवर बोलताना कोणी ‘लाइक आय सेड’ म्हणाला तर त्याला अडाणी ठरवू नये. पण पत्र, करार, देकार यांत ‘ॲज’च लिहावे. तेथे वाचणारा अनोळखी असतो आणि आपल्या कागदावरून आपली पारख करत असतो.

‘ॲज’ : अधिकाराचा शब्द

‘लाइक’ चुकीचा असतो असे एकदा कानावर पडले की काही मंडळी तो शब्द वाळीतच टाकतात आणि सर्वत्र ‘ॲज’ लिहू लागतात. ही चूक पहिल्या चुकीपेक्षा महाग पडते. ‘सिंहासारखा लढला’ याऐवजी ‘ही फॉट ॲज ए लायन’ लिहिले तर तो सिंह होऊन लढला असे होते. ते वाचून माणूस हसेल आणि सोडून देईल. पण पुढील उदाहरणात हसण्यावारी नेण्याजोगे काही नाही.

एखाद्या पेढीवर वीस-पंचवीस वर्षांचे विश्वासू मुनीम असतात. मालक त्यांना भागीदारासारखे मानतात. बाहेरगावच्या व्यापाऱ्यास त्यांची ओळख करून देताना प्रेमाच्या भरात पत्रात लिहिले जाते : ‘ही वर्क्स विथ अस ॲज ए पार्टनर.’ लिहिणाऱ्याच्या मनात ‘सारखा’ आहे, कागदावर मात्र ‘म्हणून’ उतरले. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २८ प्रमाणे, जो स्वतःस भागीदार म्हणवतो किंवा जाणूनबुजून तसे म्हणवू देतो, तो त्या भरवशावर पेढीस उधार देणाऱ्यास भागीदाराप्रमाणेच जबाबदार ठरू शकतो. त्या मुनिमांनी ते पत्र पाहिले आणि काही हरकत घेतली नाही, तर पेढीच्या देण्याचे ओझे उद्या त्यांच्या शिरावरही येऊ शकते. ‘लाइक’ हा एक शब्द वापरला असता तर आदरही व्यक्त झाला असता आणि गैरसमजही टळला असता. त्याहून बरे म्हणजे ‘ही इज अवर सीनिअर मॅनेजर’ असे सरळ पदच लिहावे.

उलट, जेथे अधिकार सांगायचा आहे तेथे ‘ॲज’ गाळणेही घातक. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मधील कलमाचा आकडाही योगायोगाने २८च आहे. हुंडी, वचनचिठ्ठी किंवा धनादेश यांवर प्रतिनिधीने सही करताना आपण प्रतिनिधी म्हणून सही करीत आहोत, किंवा आपल्यावर वैयक्तिक जबाबदारी घेत नाही, असे दर्शवले नाही, तर सामान्यतः तो स्वतः देणेकरी होतो. त्यावेळी सहीखालचे ‘ॲज एजंट’ किंवा ‘फॉर’ हे शब्द नुसती शोभा नसतात.

‘ॲज’ची आणखी एक चूक व्यापारी पत्रांत इतकी पसरली आहे की ती चूक आहे हेच ध्यानात येत नाही : ‘ॲज ए रेग्युलर कस्टमर, वुई ऑफर यू फाइव्ह पर्सेंट डिस्काउंट.’ वाक्याच्या आरंभी ‘ॲज’ने जे पद सांगितले ते त्यानंतर येणाऱ्या कर्त्यास चिकटते. येथे कर्ता आहे ‘वुई’. म्हणजे नित्याचे ग्राहक आम्हीच ठरलो आणि वर सवलतही आम्हीच देत आहोत! कर्ता बदलला की दोष जातो : ‘ॲज ए रेग्युलर कस्टमर, यू विल रिसीव्ह फाइव्ह पर्सेंट डिस्काउंट.’ ओळखण्याची खूण अशी : स्वल्पविरामापूर्वीचे पद कोणाचे, असे विचारावे आणि स्वल्पविरामानंतरचा पहिला शब्द त्याच व्यक्तीचा आहे का, ते पाहावे.

‘सच ॲज’ : वर्ग आधी, उदाहरण नंतर

‘सच ॲज’ वापरले म्हणजे वाक्य आपोआप निर्दोष होते असेही नाही. त्याचे सारे बळ आधी सांगितलेल्या वर्गाच्या नावात असते. पुतण्याच्या एका पत्रात होते : ‘वुई डील इन स्पाइसेस लाइक टर्मरिक, जॅगरी अँड रेझिन्स, एटसेटरा.’ मी त्याला ‘लाइक’च्या जागी ‘सच ॲज’ लिहावयास सांगितले. त्याने लिहिले आणि विचारले, ‘‘आता झाले ना, काका?’’ झाले नव्हते. गूळ आणि बेदाणे हे मसाले नव्हेत. ‘लाइक’च्या सैल कापडाखाली ती विसंगती झाकली गेली होती, ‘सच ॲज’ने ती उघडी पाडली. मसाल्याच्या नावाखाली गूळ विकणाऱ्या पेढीला मालाची जाण कितपत असेल, अशी शंका परदेशी खरेदीदारास आली तर दोष त्याचा नाही. वर्गाचे नाव रुंद करून ‘ॲग्रिकल्चरल प्रॉडक्ट्स’ केले तेव्हा वाक्य बसले.

त्या वाक्यातील शेवटचा ‘एटसेटरा’ही काढावा लागला. ‘सच ॲज’ म्हणतानाच ही यादी पूर्ण नाही, नमुन्यादाखल आहे, असे सांगितले गेलेले असते. मग ‘इत्यादी’ कशाला? ‘सच ॲज फॉर एक्झाम्पल’ हेही तसेच. ‘जसे की उदाहरणार्थ’ असे मराठीत लिहिले तर खटकते, तसे इंग्रजीतही खटकते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. यादी पूर्ण असेल तर ‘सच ॲज’ वापरूच नये. पत्रात ‘द डॉक्युमेंट्स, सच ॲज द इन्व्हॉइस अँड द पॅकिंग लिस्ट’ असे लिहिले, तर वाचणारा इतरही कागदांची वाट पाहील. दोनच कागद असतील तर ‘नेमली’ लिहावे किंवा सरळ दोघांची नावे घ्यावीत.

स्वल्पविरामाचीही एक खोच आहे. ‘स्पाइसेस सच ॲज टर्मरिक नीड ड्राय स्टोरेज’ यात स्वल्पविराम नाही. येथे हळदीसारख्या ठरावीक मसाल्यांविषयीच विधान आहे. ‘स्पाइसेस, सच ॲज टर्मरिक, नीड ड्राय स्टोरेज’ असे दोन स्वल्पविराम दिले की विधान सर्वच मसाल्यांना लागू होते आणि हळद केवळ जाता जाता सांगितलेले उदाहरण ठरते. गोदामाच्या अटी लिहिताना या दोन ठिपक्यांनी खर्चात फरक पडतो.

पुन्हा हॉटेलचे पत्र

आता पुतण्याच्या पहिल्या पत्राकडे वळू. ‘लाइक’ काढून ‘सच ॲज’ घालण्यापूर्वी वर्गाचे नाव शोधायला हवे. त्याने प्रथम सुचवले : ‘एनिथिंग दॅट ग्रोज अंडर द ग्राउंड’, म्हणजे जमिनीखाली वाढणारे काहीही. ऐकायला नेमके वाटते. पण भुईमुगाच्या शेंगाही जमिनीखालीच धरतात आणि शेंगदाणे आमच्या घरी चालतात. हळदीची पूड आणि सुंठ हीदेखील मुळात जमिनीखालचीच, पण वाळलेली असल्याने आमच्याकडे वर्ज्य नाहीत. हे नाव दिले असते तर आचाऱ्याने शेंगदाणे काढले असते आणि हळदीवाचून फिकी भाजी वाढली असती. नाव फार अरुंद झाले तर नको ते ताटात येते, फार रुंद झाले तर चालणारेही जाते.

अखेर त्याने दोन वाक्ये लिहिली. पहिल्यात वर्ग व उदाहरणे : ‘प्लीज यूज नो फ्रेश रूट्स, बल्ब्स ऑर ट्यूबर्स, सच ॲज पोटॅटो, स्वीट पोटॅटो, कॅरट, बीट, रॅडिश, जिंजर, अनियन अँड गार्लिक, इन एनी फॉर्म.’ ताजी मुळे, कांदे व कंद कोणत्याही रूपात वापरू नयेत, असा याचा अर्थ. शेवटचे तीन शब्द लसणासाठी होते, कारण तो भाजी म्हणून नव्हे तर वाटण किंवा पूड म्हणून शिरतो. दुसऱ्या वाक्यात अपवाद, आणि तेथे यादी पूर्ण असल्यामुळे ‘सच ॲज’ नाही : शेंगदाणे, हळदीची पूड आणि सुंठीची पूड चालेल. प्रत्येक घराचे नियम वेगळे असतात. कोणाकडे पालेभाज्यांचे दिवस ठरलेले, कोणाकडे बहुबीज वर्ज्य. तेव्हा हे वाक्य जसेच्या तसे न उतरवता आपल्या घरच्या नियमाप्रमाणे वर्गाचे नाव ठरवावे.

पेढीच्या पत्रातील वाक्ये त्याने त्याच बैठकीत सुधारली. सवलतीच्या वाक्यात कर्ता बदलला, ‘सेम लाइक’चे ‘द सेम ॲज’ झाले व नमुन्याचा क्रमांक आला, ‘लाइक वुई डिड’चे ‘ॲज वुई डिड’ झाले आणि गूळ मसाल्यांतून बाहेर पडला. सारे मिळून अर्धा तास लागला असेल.

आपल्या शास्त्रांत साधूंच्या पाच समितींमध्ये भाषासमिती सांगितली आहे, म्हणजे मोजके, हितकर आणि संशय न उरेल असे बोलणे. गृहस्थास ती तितक्या कडकपणे पाळणे जमत नाही, पण पत्रावर सही करण्यापूर्वी ‘सारखे’, ‘म्हणून’ आणि ‘जसे की’ यांपैकी आपल्याला कोणते म्हणायचे आहे, एवढे स्वतःस विचारता येते. यंदा दिवाळीनंतर पुन्हा प्रवासाचा बेत आहे. पुतण्याचे नवे पत्र गेले, आणि हॉटेलकडून या वेळी केवळ आश्वासन न येता एक प्रश्न आला : ‘सुरण नावाची भाजी आमच्याकडे मिळते, तीही कंदच ना?’ पत्र नीट समजले आहे, याची याहून चांगली पावती कोणती?